मदत हवी आहे: फोनवरचा उभा फोटो क्रॉप केल्यावर आडवा का होतो?

ओळखपत्रांसाठी लोकांकडून फोटो मागवतोय. ब्राउझरमध्ये फोटो सरळ दिसतो, माणूस चेहऱ्याभोवती चौकोन ओढतो आणि सर्व्हरवर `Pillow` तेवढा भाग कापतं. पण हातात येतो खांद्याचा तुकडा, तोही आडवा. एका फोटोत चौकोन डावीकडून १००० ते २०००, वरून ४०० ते १४०० होता. काही फोटो तर चक्क उलटे येतात. चार दिवस आकडेमोड तपासतोय, चूक सापडत नाही.

निळीशाई: एक्झिफ माहिती काढून टाका, प्रश्न मिटेल. मी तेच करते.

पाऊलवाट: नुसती काढलीत तर फोटो कायमचा आडवा होईल. सेन्सर फोनमध्ये आडवा बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरलात तरी फाइलमध्ये बहुधा ४०३२ × ३०२४ असेच पिक्सेल पडतात, डोकं डावीकडे. सोबत एक्झिफमधल्या `Orientation` टॅगमध्ये ६ लिहिलेलं असतं, म्हणजे 'दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा'. ब्राउझर ते ऐकतो, `Pillow` आपणहून फिरवत नाही. तुमच्या चौकोनाचे आकडे ३०२४ × ४०३२ च्या उभ्या चित्रावरचे आहेत, कापलं मात्र आडव्यावर. मूळ पिक्सेलमध्ये तो चेहरा डावीकडून ४०० ते १४००, वरून १०२४ ते २०२४ इथे आहे. उलटे येतात त्यांत ३ असणार. आधी फिरवा, मग कापा:

```python
img = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
img = img.crop((1000, 400, 2000, 1400))
```

रानवारा: माझ्याकडेही असंच होतं, पण व्हिडिओत. त्यालाही हेच चालेल का?

पाऊलवाट: नाही, व्हिडिओत फिरवण्याची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. त्यासाठी वेगळा धागा काढा.

धागाकर्ता: आकडे जुळले, चेहरा आला! पण सेव्ह केलेली फाइल उघडली की पुन्हा आडवी, आणि आता डोकं उजवीकडे.

पाऊलवाट: सेव्ह करताना मूळ फोटोची एक्झिफ परत जोडताय का? तसं असेल तर पिक्सेल सरळ झालेत, पण टॅग अजून ६ च, म्हणून दाखवणारा आणखी ९० अंश फिरवतो. `exif_transpose` नंतरच्या चित्रातून तो टॅग गेलेला असतो, त्यामुळे जोडायचीच तर `img.getexif()` जोडा.

धागाकर्ता: हो, तारीख राहावी म्हणून जोडत होतो. बदललं, आता सरळ! खूप आभार. तरी दोन फोटो अजून आडवेच आहेत. ते टेबलावर ठेवलेल्या जुन्या छापील फोटोंचे आहेत, वरून काढलेले.

पाऊलवाट: फोन जमिनीला समांतर असला की कुठली बाजू वर, हे त्याला गुरुत्वाकर्षणावरून ठरवता येत नाही. तिथे टॅगच चुकीचा पडतो आणि फाइल बघून ते ओळखता येत नाही. कापण्याआधी 'फिरवा' असं बटण द्या.

निळीशाई: मग माझे फोटो सरळ कसे येतात? मी तर टॅग उडवतेच.

पाऊलवाट: फोन आडवा धरून काढत असाल, तेव्हा टॅग बहुधा १ असतो. एकदा उभा धरून काढून बघा.