कुकरचं झाकण उडालं. कंपनीला पत्र कसं लिहू? (ठाणे)

वृषाली_कळवा
गेल्या आठवड्यात तूरडाळ लावलेली असताना आमच्या कुकरचं झाकण उडालं. पाच लिटरचा, बाहेरून झाकण बसणारा ॲल्युमिनियमचा कुकर, ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेला. सासूबाई ओट्यापाशीच होत्या. उजवा हात आणि मान भाजली, ड्रेसिंग अजून चालू आहे. झाकण चिमणीवर आदळून तिचा पत्रा आत गेलाय. शिट्टी झालीच नव्हती, असं त्या ठामपणे सांगतात.

कस्टमर केअर म्हणतं, कुकर सर्व्हिस सेंटरला जमा करा, तपासून बदलून देऊ. मला आधी लेखी पत्र पाठवायचंय. मसुदा असा: 'आपल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी असल्याने स्फोट झाला. नवीन कुकर व दवाखान्याचा खर्च द्यावा.' एवढं पुरे का?

नौपाडा_नाना
बिल आहे का? नसेल तर पत्राचा काही उपयोग नाही. आणि ज्याच्या नावावर बिल, त्यानेच तक्रार करायची.

साचा_आणि_प्रेस
नाना, बिल असलेलं केव्हाही चांगलं, पण यूपीआयची नोंद किंवा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्डही पुरावा म्हणून देता येतं. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झालेल्या माणसालाही भरपाई मागता येते, खरेदी त्याने केलेली नसली तरी. म्हणून सासूबाईंचं नाव पत्रात हवंच.

वृषालीताई, मी भांड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. पहिली गोष्ट, कुकर जमा करू नका. तो हातातून गेला की तपासणी त्यांची आणि अहवालही त्यांचाच. धुऊ नका, शिट्टीच्या नळीत सुई घालू नका. नळीत डाळ अडकली असेल तर ती तशीच राहू द्या. झाकण, गॅस्केट, शिट्टी, भांडं, सगळ्यांचे जवळून फोटो काढा आणि खोक्यात बंद करून ठेवा.

दुसरं, 'व्हॉल्व्ह निकामी' हे वाक्य काढा. झाकणावरच्या व्हॉल्व्हमधला धातू वितळलाय का?

वृषाली_कळवा
नाही, जसाच्या तसा आहे. म्हणून तर निकामी म्हटलं.

साचा_आणि_प्रेस
त्याचे दोन अर्थ निघतात. एक, नळी तुंबली, दाब वाढत गेला आणि तरी व्हॉल्व्ह सुटला नाही. दुसरा, दाब फार वाढलाच नव्हता, झाकणाची पकड सुटली. तुमच्या झाकणाचा व्यास साधारण 20 सेंटिमीटर असेल. नेहमीच्या दाबाला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोला, त्या झाकणावर आतून तीनशे किलोच्या वर जोर असतो. कडेचे दात झिजले किंवा झाकण पूर्ण फिरलं नाही, तर एवढ्यानेही ते उडतं. तुम्ही पत्रात एक कारण ठामपणे लिहिलंत आणि तपासात दुसरं निघालं, तर कंपनी तेवढ्यावरच हात झटकेल. फक्त दिसलं तेवढं लिहा: शिट्टी झाली नाही, झाकण उडालं, व्हॉल्व्ह वितळलेला नाही. कारण त्यांना विचारा.

सीवूड्सची_मीरा
माझ्या बहिणीकडे असंच झालं होतं. कुकर नेला, नवा दिला आणि सोबत कागद, 'चुकीच्या वापरामुळे'. जुना परत मागितला तर भंगारात गेला म्हणाले. बाय द वे, तीन लिटरची शिट्टी ठाण्यात कुठे मिळेल?

वृषाली_कळवा
गॅस्केट मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं होतं. पाकिटावर कंपनीचंच नाव होतं, पण पाकीट आता नाही. हे लिहू का?

नौपाडा_नाना
अजिबात नको! आयतं कोलीत देताय त्यांच्या हातात.

साचा_आणि_प्रेस
लिहा. बऱ्याच मॉडेलांत झाकणाच्या कडेला खाच असते. दाब वाढला की गॅस्केट तिथून बाहेर ढकललं जातं आणि वाफ निघून जाते. जाड डुप्लिकेट गॅस्केट तिथे अडतं, हे त्यांचा इंजिनिअर पाहताक्षणी ओळखेल. वस्तूत बदल केला असेल तर कंपनीला बचाव मिळतो, हे खरंय. पण लपवलेलं उघडं पडलं तर बाकीच्या पत्रावरही विश्वास राहणार नाही.

मागणी अशी लिहा: 'कुकर आमच्या ताब्यात आहे. आपल्या प्रतिनिधीने आमच्या घरी, आमच्यासमोर तपासणी करावी. प्रयोगशाळेत न्यायचा असल्यास सीलबंद करून, लेखी पावती देऊन न्यावा. अहवालाची प्रत 15 दिवसांत मिळावी.' दवाखान्याचा खर्च, चिमणीची दुरुस्ती आणि सासूबाईंचा त्रास वेगवेगळा मांडा. नव्या कुकरची मागणी पहिल्या ओळीत नको. तो घेऊन सही केलीत, तर तक्रार मिटली म्हणतील.

भांड्यावर किंवा खोक्यावर आयएसआय चिन्हाखाली CM/L ने सुरू होणारा क्रमांक असेल, तो पत्रात घाला. BIS Care ॲपवर टाकून परवाना चालू आहे का तेही पाहा. पत्र स्पीड पोस्टने पाठवा, तेच ईमेलवरही. उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची असते.

वृषाली_कळवा
क्रमांक सापडला, शेवटचे दोन आकडे घासलेत. खोकं माळ्यावर असेल, संध्याकाळी बघते. प्रयोगशाळा कंपनीचीच असली तर चालेल का?

साचा_आणि_प्रेस
माझ्या मते नाही, पण प्रकरण आयोगाकडे गेल्याशिवाय बाहेरची प्रयोगशाळा मिळवणं कठीण जातं. इथे कोणी वकील असतील तर सांगा.