शैलाताई चालल्या, किल्ली आमच्याकडेच

प्रेषक: मुग्धा
विषय: शैलाताई चालल्या

मंडळी नमस्कार,

बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल तर सांगते, आमच्या भिंतीपलीकडच्या शैलाताई आणि काका येत्या शनिवारी लेकीच्या शहरात शिफ्ट होतायत. अकरा वर्षांचा शेजार. त्यांना वेगळी मेल करणार होते, पण म्हटलं मंडळाच्या लिस्टवरच लिहावं, त्या स्वतः तर कुणाला काही सांगायच्या नाहीत.

मोठं असं काही त्यांनी माझ्यासाठी केलं नाही, म्हणजे मी लिहायला बसले तेव्हा असंच वाटलं, सगळं बारीकसारीकच आठवायला लागलं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला मी विसरले की सकाळी तो रस्त्याकडेला उभा असायचा. गॅरेजचं दार रात्री उघडं राहिलं की फोन, तोही "अगं झोपलीस का" असा, जणू आपलंच काहीतरी काम आहे. आमच्या झाडांचं तर काय सांगू, आम्ही तीन आठवडे नव्हतो तेव्हा मी चिठ्ठी लिहून ठेवली होती, "रोज एक मग पाणी". बाईंनी ती चिठ्ठी सरळ बाजूला ठेवली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायच्या, आत कोरडं लागलं तरच पाणी, ओलं असेल तर कुंडीला हात लावायचा नाही. आम्ही परत आलो तर जे झाड मी दोन वर्षं रोज पाणी घालून पिवळं करत होते त्याला नवीन पान. बोलल्या काहीच नाहीत, फक्त चिठ्ठी घडी करून परत दिली :)

आणि ती पाण्याची रात्र. आम्ही गावाला गेलेलो, वॉशिंग मशिनच्या मागचा रबरी पाइप फुटला. ताईंना भिंतीतून सतत सूं सूं आवाज आला, त्यांना वाटलं आम्ही परत आलो आणि कुणी आंघोळ करतंय, पण रात्री दीडला? अर्धा तास झाला तरी आवाज थांबेना तेव्हा आमची किल्ली घेऊन आत आल्या, पाण्यात पाय पडल्यावर दिवासुद्धा लावला नाही, टॉर्च घेऊन जिन्याखालचा मेन व्हॉल्व्ह शोधून बंद केला, मग उरलेलं पाणी पाइपातून निघून जावं म्हणून खालच्या मजल्यावरचा नळ उघडून ठेवला. मग फोन. अकरा वर्षांत मला स्वतःला माहीत नव्हतं आमचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे.

आता कॉन्टॅक्टमध्ये राहण्याचं. याआधी जे शेजारी गेले त्यांना आम्ही "बोलत राहू हं" म्हणालो होतो, आता वाढदिवसाला एक फुलाचं चित्र येतं, तेही बहुतेक सगळ्यांना पाठवलेलं. म्हणून या वेळी मी तारीख-वार ठरवलाय. रविवारी सकाळी मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, चाळीस मिनिटं लागतात, तेव्हा ताईंना फोन, व्हिडिओ नाही, नाहीतर केस विंचरायला लागतात. आणि त्यांची चुकून इथे आलेली पत्रं मी जमा करीन, न उघडता पाकिटाचा फोटो पाठवीन, हवं ते पुढे धाडीन.

आमची किल्ली त्यांनी काल परत आणून दिली. मी घेतली नाही. चूक की बरोबर सांगा.

मुग्धा

---

प्रेषक: संजय
विषय: Re: शैलाताई चालल्या

किती वाजता आहे शनिवारी? आणि सोफा विकतायत का कुणाला माहितीये? ग्रे रंगाचा एल शेपचा असेल तर मला हवाय.

---

प्रेषक: मुग्धा

संजय, ही निरोपाची मेल आहे हो. सोफा त्या घेऊन चालल्यात.

---

प्रेषक: विद्याधर

छान लिहिलंय. एक सुचवतो, पाइप फुटल्यावर मेन बंद करायची गरज नसते, मशिनच्या मागे स्वतःचा नळ असतो, तोच फिरवायचा, बाकी घराचं पाणी चालू राहतं.

---

प्रेषक: अनघा

विद्याधर, अर्धं बरोबर आहे. तो नळ फिरवून पाणी थांबतं, पण फक्त फुटलेला भाग नळाच्या पुढे असेल तर, भिंतीतला पाइप गेला तर मेनशिवाय इलाज नाही. आणि रात्री दीड वाजता अंधारात, पाण्यात उभं राहून, भरलेलं मशिन पुढे ओढायचं? ताईंनी केलं तेच शहाणपणाचं.

मी प्लंबिंगच्याच धंद्यात आहे म्हणून एक सांगते, मुग्धा, तुमचा व्हॉल्व्ह गोल चाकाचा आहे की सरळ दांड्याचा ते बघून ठेव. दांड्याचा असेल तर पाव वळसा पुरतो, दांडा पाइपाला आडवा झाला की बंद. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या दिशेने बरेच वळसे घ्यावे लागतात, आणि वर्षानुवर्षं हात लावला नसेल तर तो अडकतो. अडकला तर जोर लावायचा नाही, आतला दांडा तुटतो आणि मग पाणी थांबतच नाही. वर्षातून दोनदा हलवून ठेव. ताईंना फिरवता आला म्हणजे तुमचं नशीब.

पत्रांचं, पोस्टाचं रिडायरेक्ट लावलंच असेल, पण ते ठरावीक मुदतीचं असतं आणि कुरिअरची पार्सलं त्यात येत नाहीत, ती जुन्याच दारात पडतात. बँक, विमा, डॉक्टर यांना नवा पत्ता त्यांनी स्वतः कळवायला हवा. आणि घरात नवीन माणसं आली की पेटी त्यांची, त्यामुळे मुग्धाने आधी त्यांना जाऊन भेटावं.

---

प्रेषक: प्रदीप

आमच्याकडे उलटं झालं होतं. शेजारी गेले, किल्ली त्यांच्याकडेच राहिली, आम्ही विसरलो, दोन वर्षांनी घर विकताना नव्या मालकाने विचारलं किती किल्ल्या बाहेर आहेत तेव्हा आठवलं. कुलूपच बदलायला लागलं. भावना ठीक, पण किल्ली परत घ्या.

---

प्रेषक: मुग्धा

प्रदीपदादा पटलं, पण मन होत नाही. व्हॉल्व्ह बघितला, गोल चाकाचा आहे. हलवला. अर्धा वळसा गेला आणि अडकला, जोर नाही लावला, अनघा येऊन बघशील का?

---

प्रेषक: शैला

मुग्धा, इतकं लिहायचं असतं का गं. मी लिस्टवर कधी लिहीत नाही, आज लेक टाइप करून देतेय.

त्या चिठ्ठीचं मी वाईट वाटू नये म्हणून बोलले नव्हते, तू सगळ्यांना सांगितलंस. आणि तू काय विसरलीस ते सांगते, ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची गाडी बर्फाखाली होती, रोज सकाळी काच साफ व्हायची, कोण करतं ते मला आठवड्याने खिडकीतून दिसलं.

ती रात्र मला तुझ्याइतकी शूर नाही आठवत. आधी मी चाक उलट्या दिशेने फिरवलं होतं, पाण्याचा आवाज काही कमी होईना, तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी साडेदहाला चालेल, अकराला आमचं फिरायला जायचं असतं. संजयला सांग, सोफा एल शेपचा नाही.

किल्ली शनिवारी ट्रक निघायच्या आधी तुझ्या दाराखालून सरकवेन, मग तू घेतली नाहीस असं कुणी म्हणणार नाही.