धागा: ऑक्सिजनवालं ब्लीच की क्लोरीनवालं? पांढऱ्या-रंगीत कपड्यांचे तुमचे अनुभव सांगा

सायली_वाई
काल जिन्यात कुणीतरी ब्लीच वापरलं होतं आणि त्या वासाने थेट आईची आठवण आली. आई नर्स होती. पांढऱ्या सुती साड्या, दर रविवारी बादलीत ब्लीच. साड्या लख्ख असायच्या, पण वर्षभरात घडीवर विरायच्या. घडीच्या रेषेवर बोट लावलं की कापड फाटायचं, कागदासारखं. तेव्हा वाटायचं कापडच हलकं असेल.
आता मी ऑक्सिजनवाली पावडर वापरते. लेकीच्या फिक्या निळ्या सुती कुडत्यावरचा चहा त्याने पूर्ण निघाला आणि निळा रंग तसाच राहिला. तुम्ही कुठल्या डागाला काय वापरता ते लिहा, पांढऱ्याचंही आणि रंगीताचंही.

मोरपंखी
सायली, अगदी डोळ्यासमोर आल्या गं काकू ❤️ आमच्याकडे बाबांच्या बनियनचं हेच. काखेतला पिवळेपणा जावा म्हणून ब्लीचमध्ये टाकायचो, तर आणखी पिवळं व्हायचं.

केळशीचा_बाळू
पावडर सौम्य आणि पातळ ब्लीच कडक, एवढं साधं आहे. आम्ही विहिरीत टाकतो ती पावडर थोडी पाण्यात कालवून पंचे भिजवतो, छान निघतात.

इचलकरंजीकर
बाळूदादा, विहिरीतली टीसीएल म्हणजे क्लोरीनच, पावडरच्या रूपात. पंचे पांढरे सुती म्हणून निभावतं. तीच पावडर रंगीत लुंगीवर पडली तर पांढरे ठिपके पडतील. पावडर की पातळ हे बघू नका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. सोडियम परकार्बोनेट म्हणजे ऑक्सिजनवालं. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे क्लोरीन, प्रोसेस हाउसमध्ये आम्ही त्याला हायपो म्हणतो.

सायलीताई, तुमच्या आईंच्या साड्यांचं कापड हलकं नव्हतं. हायपो डागाबरोबर सुताचा धागाही खातो, आणि पाणी गरम असेल किंवा कपडा जास्त वेळ राहिला तर फार वेगाने. घडीवर ताण असतो म्हणून तिथे आधी फाटतं. पांढऱ्या सुतीला वापरायचंच तर गार पाणी, पाच लिटरला साधारण अर्धी वाटी, कपडा पाच ते दहा मिनिटं, मग तीनदा खळबळून काढायचा. थेट बाटलीतून कपड्यावर कधीच नाही.

मोरपंखी
आणि काखेचं?

इचलकरंजीकर
घामात प्रथिनं असतात, त्यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की पिवळं होतं. तिथे परकार्बोनेटच. पण बहुतेक जण ते गार पाण्यात टाकतात आणि मग म्हणतात काही होत नाही. हात जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी घ्या, पाच लिटरला दोन मोठे चमचे, आधी पूर्ण विरघळवा. न विरघळलेला कण कपड्यावर बसला तर तिथे ठिपका येतो. मग चार-सहा तास भिजत ठेवा. पाणी निवलं की काम मंदावतं, म्हणून डाग अर्धाच गेला असेल तर दुसऱ्या दिवशी नवं गरम पाणी, नवी पावडर.
कालवलेलं पाणी झाकणबंद बाटलीत साठवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुगून फुटते.

तिखटमीठ
माझा प्रश्न वेगळा आहे. लोणच्याच्या तेलाचा डाग, हिरवी कुर्ती. ऑक्सिजनमध्ये रात्रभर ठेवली. पिवळा गेला, पण चकचकीत गोल तसाच. पावडर खोटी निघाली का?

सायली_वाई
पावडर खरी आहे गं. तिने हळदीचा रंग काढला, तेल तिच्या आवाक्यात नाही. त्यावर भांड्याचा साबण कोरडाच चोळ, पंधरा मिनिटांनी गरम पाण्याने धू. पुढच्या वेळी आधी तेल, मग ब्लीच.

सदाशिव_पेठ
हळदीला ऊन पुरतं, बाकी कशाला काय. साबण लागला की लाल होतं ते बघून घाबरू नये, खळबळून उन्हात टाकावं, दुपारपर्यंत फिकं. आमच्या घरच्या सगळ्या हळदीसमारंभांचे कपडे असेच निघाले.

केळशीचा_बाळू
पावसाळ्यात ऊन कुठून आणू काका 😀

रेवा_नाशिक
उन्हाने रंगीत कपडाही उडतो, हे माझं मत. गडद जांभळ्या कॉटनवर मी परकार्बोनेटच लावते. आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून बघते, पांढऱ्या फडक्यावर रंग उतरला तर सोडून देते.

प्रथमेश_के
व्हिनेगर घाला ब्लीचमध्ये, दुप्पट जोर येतो. आमच्या ऑफिसमधल्या काकी करतात.

इचलकरंजीकर
प्रथमेश, जोर वाढतो हे खरं, पण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये ते करणाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागू शकतं. संडास साफ करायचं आम्ल, लिंबू, व्हिनेगर, अमोनियावालं काच पुसायचं, यातलं काहीही हायपोत नको. काकींना आजच सांगा.

प्रथमेश_के
बापरे. आत्ताच मेसेज करतो.

गावदेवी_५
कोणी लाल ओढणीचं सांगा ना! पांढऱ्या शर्टात पडली, सगळे शर्ट गुलाबी. साहेबांचे कॉटनचे आहेत, एकात लायक्रा आहे, स्ट्रेचवाला.

रेवा_नाशिक
वाळवू नका! ओलेच परत गरम परकार्बोनेटमध्ये. वाळवून इस्त्री झाली की रंग बसतो.

इचलकरंजीकर
रेवाताई बरोबर. कॉटनचे नाहीच सुटले तर शेवटी हायपो. लायक्रावाल्याला मात्र हायपो दाखवूही नका, तो पिवळा पडतो आणि परत पांढरा होत नाही.

मोरपंखी
गावदेवी, साहेबांना गुलाबी शोभेल गं 😄

दापोली_माहेर
पावसात पांढऱ्या चादरीवर काळे बारीक ठिपके पडतात, बुरशीचे. तिथे मात्र मला ऑक्सिजन कमीच पडला. क्लोरीनने दहा मिनिटांत गेले. रंगीत उशीवरचे नुसते फिके झाले.

इचलकरंजीकर
पांढऱ्या सुतीवरच्या बुरशीला क्लोरीनच, तुमचं मला मान्य. फक्त बाटलीची तारीख बघा. हायपो ठेवल्या ठेवल्या उतरतो, उन्हात ठेवला तर लवकर. काम करेना म्हणून लोक जास्त ओततात, नवी बाटली आली तरी तेवढंच ओततात आणि कपडा फाटतो.

तिखटमीठ
चकचकीत गोल गेला!! सायलीताई धन्यवाद 🙏

सदाशिव_पेठ
रक्ताच्या डागाचं कोणी बोललं नाही. आधी गार पाणी. गरम लावलं की घट्ट बसतं, मग कुठलीच पावडर चालत नाही.

माधुरी_दुबई
माझ्या रेशमी पैठणीवर कोकमाचं सार सांडलंय. कुठलं वापरू? उद्या लग्न आहे.

रेवा_नाशिक
दोन्ही नको! रेशमाला क्लोरीन तर खातंच, परकार्बोनेटच्या पाण्यात सोडा असतो, तोही रेशमाला मारक. गार पाण्याने ओल्या फडक्याने टिपा, चोळू नका, आणि ड्रायक्लीनला द्या. उद्या दुसरी साडी नेसा.

माधुरी_दुबई
दुसरी आणलीच नाही गं 😭 बघते.

दापोली_माहेर
पदरावर असेल तर निऱ्या काढून पिन लावा, दिसणार नाही.
केळफुलाच्या चिकाचा डाग कोणाचा निघालाय का कधी? फिक्या पिवळ्या साडीवर आहे, सुती. दोन वेळा गरम परकार्बोनेट झालंय, तपकिरीचा करडा झाला, पुढे हलत नाही.

केळशीचा_बाळू
चीक ताजा असतानाच तेल चोळायचं असतं. वाळल्यावर आमची आई साडी कापून पिशव्या शिवायची.

इचलकरंजीकर
वाळलेल्या चिकाचं माझ्याकडेही खात्रीचं उत्तर नाही. करडा होणं म्हणजे थोडं सुटतंय, म्हणून आणखी एकदा नव्या गरम पाण्यात ठेवून बघा. पण तुमचं पाणी बोअरचं असेल तर त्यातलं लोह त्या चिकाला काळपट करतं, शिवाय लोहामुळे परकार्बोनेट एकाच जागी जोरात फसफसून कापडाला भोक पाडू शकतं. आधी पाणी बदला. कुठलं आहे?

दापोली_माहेर
बोअरचंच. बादलीच्या कडेला लाल रेघ धरते. संध्याकाळी नळाचं भरून बघते, मग सांगते.