समुपदेशकाशी जमलं की पद्धत कुठलीही चालते?

दापोलीकर: बहिणीसाठी रत्नागिरीत समुपदेशक शोधतोय. एक मॅडम सीबीटी करतात, म्हणजे विचार आणि वागणं बदलायचा सराव देतात, दुसरे सर नुसतं बोलतात म्हणे. मित्र सांगतो, पद्धत सोड, जमतंय कोणाशी ते बघ. यात तथ्य आहे का?

निशिगंधा: मित्र बरोबर आहे. 2018 मध्ये 295 अभ्यास एकत्र करून पाहिले, नातं चांगलं तिथे गुण जास्त, पद्धत कुठलीही असो. प्रेमळ माणूस शोधा, बाकी सोडा.

गजालीवालो: माझो समुपदेशक लय प्रेमळ. तीन म्हयने नुसत्यो गजाली. झोप काय येवक नाय!

खाडीकाठ: गजालीवालोंचा अनुभवच उत्तर आहे. नातं म्हणजे गोडवा नव्हे. मानसशास्त्रज्ञ बॉर्डिन यांनी 1979 मध्ये त्यात तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि विश्वास. पहिले दोन नसले तर उरतात त्या गजाली.

माझ्याकडे चिपळूणचे एक दुकानदार येत (तपशील बदललेत). 2021 च्या पुरानंतर पाऊस लागला की छातीत धडधड. मी श्वासाचे व्यायाम दिले. दर वेळी ‘हो मॅडम, बरं वाटतंय’, आणि वही कोरी. चौथ्या भेटीला दहा मिनिटं उशिरा आले. आपल्याकडे माणूस भांडत नाही, हो हो म्हणत हळूच सटकतो. मी विचारलं, ‘हे तुमच्या उपयोगाचं नाही ना?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘मला पावसात दुकान उघडं ठेवायचंय. श्वासाचं काय करू?’ तेव्हा कुठे ध्येय कळलं. आधी उन्हात शटर उघडून बसणं, मग रिमझिमीत, मग धो धो पावसात. श्वासाचे व्यायाम सोडले. चूक माझी होती, आणि त्यांनी ती मला बोलून दाखवली, तिथून विश्वास बसला.

आकडेमोड: पण उलटंही असेल ना? ज्याला बरं वाटू लागलं त्याला समुपदेशक आवडतोच. आणि नातं व सुधारणा यांतला संबंध 0.28 च्या आसपास, म्हणजे कोण किती सुधारतो या फरकातला जेमतेम 8 टक्के वाटा.

खाडीकाठ: शंका रास्त आहे. काही अभ्यासांत आधी लक्षणं कमी झाली, नातं नंतर सुधारलं. पण सुरुवातीची सुधारणा वजा केल्यावरही बहुतेक ठिकाणी थोडा संबंध उरतो. 2007 च्या एका अभ्यासात तर फरक समुपदेशकांमुळे दिसला: ज्याचं बहुतेकांशी जमतं, त्याच्याकडचे लोक जास्त सुधारतात. कारण किती आणि परिणाम किती, हा वाद मिटलेला नाही.

निशिगंधा: म्हणजे पद्धतीला महत्त्व आहे असंच म्हणायचंय ना तुम्हाला?

खाडीकाठ: पद्धत हे त्या दुसऱ्या धाग्यातलं काम आहे. ते वेगळं कसं काढणार?

दापोलीकर: एक सांगायचं राहिलं. बहीण दिवसातून कितीतरी वेळा हात धुते, कातडी सोलली आहे.

खाडीकाठ: अहो, हे आधी सांगायचं! मग नुसतं बोलणाऱ्या सरांकडे नको. हात न धुता घाण वाटणं सहन करायचा सराव लागेल, आणि तो कठीण असतो. मॅडमना पहिल्याच भेटीत विचारा, तो करवून घेता का, आणि बहिणीने ‘नाही जमत’ म्हटलं तर काय करता. मानसोपचारतज्ज्ञांनाही एकदा दाखवा.

गजालीवालो: आणि तीन म्हयने थांबू नका माझ्यासारखे.