सीड तेच, कमिट तेच, तरी आकडा वेगळा: नोंद अपुरी की अपेक्षाच चुकीची?

उंबरठा: मी डेटा सायन्सची प्रशिक्षणार्थी आहे. कोणता ग्राहक सेवा सोडून जाईल, याचा अंदाज बांधणारे रँडम फॉरेस्ट मॉडेल मी तयार केले. `mlflow.autolog()` सुरू होते, विभागणीला आणि मॉडेलला `random_state=42` दिले होते, कमिटचीही नोंद झाली होती. तरीही सहकाऱ्याने तेच कमिट चालवले तेव्हा एफ-१ ०.८३ ऐवजी ०.७९ आला. एवढी नोंद पुरेशी असून उरलेला फरक दोन यंत्रांमधला मानावा, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

निवांत: दोष यंत्राचा नसून लायब्ररीच्या आवृत्तीचा असणार. सायकिट-लर्नच्या ०.२२ आवृत्तीत रँडम फॉरेस्टमधील झाडांची मूळ संख्या १० वरून १०० झाली होती. ज्याने ती संख्या स्वतः लिहिली नव्हती, त्याचे मॉडेल कोडचे एक अक्षरही न बदलता बदलले. `pip freeze` ची यादी प्रत्येक रनसोबत ठेवा, वाद मिटेल.

कडेलोट: यादी ठेवावीच, पण इथे ती कारण असेल असे वाटत नाही. ऑटोलॉग आपण न लिहिलेली मूळ मूल्येही नोंदवतो, त्यामुळे दोन्ही रन शेजारी ठेवले की झाडांची संख्या बदलली का, हे लगेच दिसेल. आणि यंत्राबद्दल म्हणाल, तर सीपीयूवर तीच आवृत्ती, तोच डेटा आणि तेच सीड असताना रँडम फॉरेस्टमध्ये फरक पडलाच तर तो दूरच्या दशांशात पडेल, ०.०४ एवढा नाही.

मला शंका आहे ती विभागणीची. `train_test_split` ग्राहक निवडत नाही, ओळींचे क्रमांक निवडते. सीड ४२ असेल तर प्रत्येक वेळी त्याच क्रमांकांच्या ओळी चाचणी संचात जातील. मात्र त्या क्रमांकांवर कोणते ग्राहक बसलेले आहेत, हे डेटा कोणत्या क्रमाने आला यावर ठरते. आपण डेटा थेट क्वेरीने आणत असाल आणि तिच्यात `ORDER BY` नसेल, तर डेटाबेस क्रमाची कोणतीही हमी देत नाही. दोन्ही रनमधील चाचणी संचांचे ग्राहक क्रमांक काढून त्यांतील सामाईक किती, ते मोजा.

रानपाखरू: मीही या त्रासातून गेलो आहे. प्रतिमा ओळखणाऱ्या मॉडेलला `torch.manual_seed` देऊनही दर वेळी आकडा हलायचा. शेवटी `torch.use_deterministic_algorithms(True)` लावले, तर प्रशिक्षण मंदावले आणि काही क्रिया चालेनाशाच झाल्या. हुबेहूब आकड्याचा हट्ट सोडावा, या मतावर मी तेव्हापासून आहे.

कडेलोट: आपली अडचण खरी आहे, पण ती निराळी. जीपीयूवर अनेक धागे एकाच जागी बेरीज करतात तेव्हा बेरजेचा क्रम दर वेळी बदलू शकतो, आणि दशांशांच्या बेरजेत क्रम बदलला की निकालही किंचित बदलतो. वेगळ्या आवृत्तीवर किंवा वेगळ्या यंत्रणेवर तोच निकाल मिळेल, अशी हमी पायटॉर्चचे दस्तऐवजही देत नाहीत. इथे जीपीयू नाही, त्यामुळे ही सबब चालणार नाही.

उंबरठा: मोजून पाहिले. दोन्हीकडे १२,००० ओळी आहेत आणि क्रमाने लावून ताडले असता ग्राहकही तेच आहेत. चाचणी संचात प्रत्येकी २,४०० ग्राहक आहेत, पण सामाईक फक्त ४९१. क्वेरीत `ORDER BY` नव्हते. ते घालून दोघांनी चालवल्यावर दोन्ही यंत्रांवर ०.८१ आला. म्हणजे प्रश्न संपला असे समजावे का?

सांख्यिकीवाला: क्रमाचा प्रश्न संपला. दोन संच एकमेकांशी संबंध न ठेवता निवडले असते, तर २,४०० च्या एक पंचमांश, म्हणजे सुमारे ४८० ग्राहक सामाईक निघाले असते. आपल्याला ४९१ मिळाले, म्हणजे त्या ४२ चा काहीच उपयोग झाला नव्हता.

पण मूळ प्रश्न उरतोच. सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण समजा ९ टक्के असेल, तर चाचणी संचात असे ग्राहक अवघे २१६ येतात. त्यांपैकी ८० टक्के ओळखले गेले, तर केवळ निवडीच्या योगायोगामुळे या टक्केवारीची प्रमाण त्रुटी २.७ टक्के निघते. ०.८३ आणि ०.७९ हे दोन्ही आकडे याच हेलकाव्यात बसतात, आणि आता जुळलेला ०.८१ हाही त्यांतलाच एक. तो दोन यंत्रांवर जुळला म्हणून अधिक खरा ठरत नाही. वीस वेगवेगळ्या सीडने विभागणी करून सरासरी आणि पसारा अहवालात द्यावा. एकाच आकड्याची हुबेहूब नक्कल खोटे समाधान देते.

कडेलोट: पसारा द्यावा, हे मान्य, हुबेहूब नक्कल निरुपयोगी आहे, हे अमान्य. उद्या कोणी नवे वैशिष्ट्य घातले आणि आकडा ०.०२ ने वाढला, तर ती वाढ वैशिष्ट्याची की नव्या विभागणीची, हे विभागणी स्थिर असल्याशिवाय तपासता कसे येणार? आपले वीस सीडसुद्धा ओळींचा क्रम ठरलेला नसेल, तर दुसऱ्याच्या हाती वेगळेच वीस संच देतील.

शिवाय `ORDER BY` वर थांबता येत नाही. उद्या टेबलात एक ग्राहक वाढला, तरी सगळी विभागणी नव्याने पिसली जाईल. त्यापेक्षा संच ग्राहक क्रमांकावरूनच ठरवावा:

```python
import hashlib

def is_test(cid):
    d = hashlib.sha256(str(cid).encode()).hexdigest()
    return int(d, 16) % 5 == 0
```

यात कोणता ग्राहक कोणत्या संचात जाईल, हे इतर ओळींवर अवलंबून राहत नाही. पायथनचे साधे `hash()` मात्र वापरू नका; अक्षरांच्या बाबतीत ते प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू केल्यावर वेगळे उत्तर देते. या पद्धतीत चाचणी संच नेमका २० टक्के निघत नाही आणि सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही दोन्हीकडे समान राखले जात नाही, हा तिचा तोटा.

आणि ग्राहक तेच राहिले, तरी त्यांच्या रकान्यांतील माहिती टेबलात बदलत राहते. म्हणून ज्या डेटावर रन झाला त्याची पार्केट फाइल आणि तिचा हॅश, दोन्ही रनसोबत असायला हवे.

निवांत: हे सगळे प्रत्येक रनसाठी? प्रशिक्षणार्थी दिवसभर प्रयोग करतो आणि त्यातले बहुतेक टाकून देतो. अहवालात जाणाऱ्या रनपुरतीच ही शिस्त ठेवावी.

उंबरठा: अहवालात कोणता रन जाणार, हे मला तो संपल्यावर कळते, आणि तोवर टेबल बदललेले असते. फाइल एकदाच काढून सगळे रन तिच्यावरच चालवले, तर प्रत्येक वेळी फक्त हॅशच नोंदवावा लागेल. त्यात काम वाढेल असे वाटत नाही.

चौकट: फाइल काढण्याआधी परवानगी विचारा. एखाद्या ग्राहकाने आपली माहिती पुसून टाकायला सांगितली, तर ती आपल्या प्रतीतूनही पुसावी लागू शकते. तसे झाले की हॅश जुळणार नाही आणि ०.८१ हा आकडा कोणालाच पुन्हा काढता येणार नाही.

कडेलोट: यावर माझ्याकडे पूर्ण तोडगा नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक ठेवले तरी ती ओळ त्याच माणसाची राहते. ओळी वगळल्यावर नवा हॅश, वगळल्याची तारीख आणि नवा आकडा अशी पुढची नोंद जोडावी, एवढेच सुचते.

सांख्यिकीवाला: म्हणजे शेवटी पसाराच टिकला. पाच-दहा ओळी गेल्याने वीस विभागण्यांची सरासरी फारशी हलणार नाही.

कडेलोट: पाच-दहा ओळी गेल्या तर हलणार नाही. पण त्या आपल्या २१६ पैकी पन्नास असतील, तर हलेल. आणि माहिती पुसायला सांगणारे बहुधा सेवा सोडून जाणारेच असतात.