सप्लायरचं पेमेंट 'रिपेअर्स'ला पडलंय, जेव्ही कशी मारू?

अंबडची_अकाउंटंट
नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत दोन महिन्यांपूर्वी लागले. काल साहेबांनी देण्यांची यादी मागितली. त्यात सातपूरच्या प्लास्टिक खोकेवाल्यांचे ४७,२०० बाकी दिसले, बिल ८ ऑगस्टचं. फोन केला तर म्हणाले, "ताई, पैसे १९ सप्टेंबरलाच आले की!"
शोधलं तेव्हा कळलं, आधीच्या माणसाने ते एनईएफटी थेट 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स'ला टाकलंय. प्लंबिंगवाल्याचं नावही 'साई'नेच सुरू होतं (नाशकात साई नावाच्या फर्म किती, विचारू नका). आता दुरुस्तीची एन्ट्री कशी करू?

पंचवटीकर
सोपं आहे. पॅकिंग मटेरियल डेबिट, रिपेअर्स क्रेडिट, ४७,२००. चुकीच्या खात्यातून काढायचं, बरोबर खात्यात घालायचं. पाच मिनिटांचं काम.

जुना_मुनीम
थांबा ताई, ही जेव्ही मारू नका. आधी सांगा, ऑगस्टचं बिल परचेसला चढलंय का?

अंबडची_अकाउंटंट
हो. पॅकिंग मटेरियल ४०,०००, सीजीएसटी ३,६००, एसजीएसटी ३,६००.

जुना_मुनीम
मग खोक्यांचा खर्च ऑगस्टमध्येच लागलाय. पुन्हा पॅकिंग डेबिट केलं तर तिथे ८७,२०० होतील, माल मात्र ४०,००० चाच. नफा ४७,२०० ने कमी दिसतोय तो तसाच राहील, आणि सप्लायरची बाकीही तशीच उभी. उद्या कुणीतरी यादी बघून त्यांना दुसऱ्यांदा पैसे पाठवेल.

तुमच्याकडे खर्च चुकलेला नाही, देणं फेडल्याची नोंद चुकलीय. म्हणून:

सप्लायरचं खातं डेबिट ४७,२००
रिपेअर्स अँड मेंटेनन्स क्रेडिट ४७,२००

बँकेला हात लावायचा नाही. पैसे खरेच गेलेत, रिकन्सिलिएशनही जुळलेलं असणार. जीएसटीलाही धक्का नाही, क्रेडिट बिलावर घेतलंय, पेमेंटवर नाही. बिल चढलेलं नसतं तरी जेव्ही हीच, फक्त बिल वेगळं चढवावं लागलं असतं.

चूक ओळखायची खूण आकड्यातच होती. खर्चाच्या खात्यात ४७,२०० दिसला की १.१८ ने भागून बघा. नेमके ४०,००० आले म्हणजे करासकट रक्कम खर्चाला पडलीय, तिथे शंका घ्यायचीच.

पंचवटीकर
बरोबर आहे, मी बिल चढलेलं धरलंच नव्हतं. आणि बिल नसतं तरी माझ्या एन्ट्रीत जीएसटी खर्चात गेला असता.

गंगापूर_रोड
माझंही असंच झालंय! गेल्या वर्षी ६५,००० ची नवी मोटर रिपेअर्सला पडली. हीच एन्ट्री चालेल ना?

जुना_मुनीम
नाही हो, तुमचं वेगळं. ती मालमत्ता आहे, आणि गेल्या वर्षीचं ऑडिट झालं असेल तर प्रश्न मागच्या वर्षाच्या नफ्याचा आहे. घसाऱ्यासकट सीएंना विचारा, इथे अर्धवट सांगणार नाही.

टॅलीवाला_भाऊ
जेव्ही कशाला? पेमेंट व्हाउचर उघडा, रिपेअर्सच्या जागी सप्लायरचं लेजर घाला, संपलं.

जुना_मुनीम
प्रोप्रायटरी असती तर मीही तेच केलं असतं. पण कंपनीला १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग ठेवावाच लागतो. बदल केला म्हणजे गुन्हा नव्हे, पण ऑडिटर विचारणार. शिवाय सप्टेंबरचे आकडे सीसीसाठी बँकेला गेले असतील, तेही मागच्या मागे बदलतील. मी आजच्या तारखेची जेव्ही मारतो.

टॅलीवाला_भाऊ
पण मग बिल आज फिटलं असं दिसेल. खोकेवाले एमएसएमई असतील तर? खरं पेमेंट ४२व्या दिवशी झालंय, पुस्तकात मात्र ४५ दिवसांच्या मुदतीपार. आमचे सीए यासाठीच मूळ व्हाउचर दुरुस्त करायला लावतात.

जुना_मुनीम
मुद्दा खरा आहे. म्हणून नरेशनमध्ये १९ सप्टेंबर, यूटीआर नंबर आणि मूळ व्हाउचर नंबर लिहायचाच. तरी यावर तुमच्या सीएंचं आणि माझं जुळेल असं वाटत नाही. ताई, तुमच्या ऑडिटरना कोणतं चालतं ते आधी विचारा.

अंबडची_अकाउंटंट
विचारलं. ते म्हणाले जेव्हीच, नरेशनसकट. F7 ला मारलीसुद्धा. रिपेअर्स कमी झालं, पण आउटस्टँडिंगमध्ये बिल अजून दिसतंय??

टॅलीवाला_भाऊ
सप्लायरच्या ओळीवर On Account ठेवलं असणार. तिथे Agst Ref घ्या आणि ८ ऑगस्टचं बिल निवडा. नाहीतर लेजर शून्य, पण यादीत एकीकडे बिल आणि दुसरीकडे तेवढीच सुटी रक्कम लोंबकळत राहते.

अंबडची_अकाउंटंट
गेलं! धन्यवाद दादा, मुनीमकाका. आता एकच धाकधूक. ३० सप्टेंबरला हे बिल ५३ दिवसांचं बाकी दिसत होतं, म्हणजे एमएसएमई-१ फॉर्ममध्येही गेलं असेल का? आधीच्या माणसाची फाईल शोधतेय.