अनुभव धागा: बटर पेपर, पार्चमेंट, सिलिकॉन मॅट, फॉइल... कुणाचं काय चिकटलं?

रव्याचा_लाडू
काल माळ्यावरून दिवाळीचे डबे काढताना आईचा पत्र्याचा ट्रे सापडला, कडेला खिळ्याने कोरलेल्या आडनावासकट. आम्ही नानकटाईचं पीठ घरी मळून कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला न्यायचो. ट्रे बदलू नयेत म्हणून नाव. तेव्हा कागदबिगद काही नाही, तुपाचा हात फिरवला की झालं.

मग मी पहिला ओटीजी घेतला तेव्हाचं आठवलं. बाबांची पंचाहत्तरी, रवा केक. किराणावाल्याकडून 'बटर पेपर' आणला, तोच पातळ, पांढरट, सँडविच गुंडाळतात तो. भांड्याच्या तळाला घातला आणि निर्धास्त झाले. केक उलटा केला तर कागद अर्धा निघाला, अर्धा केकचाच झाला. पाहुणे दारात आणि मी सुरीने केकची दाढी करतेय. शेवटी तुकडे करून वर कस्टर्ड ओतलं. बाबांना फार आवडलं, पुढच्या वर्षी "तसंच कर" म्हणाले!

तुमचंही सांगा. आणि यंदा नानकटाई कशावर भाजू तेही.

पुणेरी_पोहे
बटर पेपर आणि पार्चमेंट एकच की. इंग्रजी नाव लावलं की भाव दुप्पट. मी पंधरा वर्षं बटर पेपरच वापरतो, एकदाही चिकटला नाही.

अळूवडी
आमच्याकडे लोण्याच्या पाकिटाचा कागद फ्रीजमध्ये जपून ठेवतात. त्यालाच बटर पेपर म्हणतात ना?

रव्याचा_लाडू
@अळूवडी 😂 नाही गं, पण तो टाकू नकोस. आतल्या बाजूला राहिलेलं लोणी केकच्या भांड्याला मस्त पुसता येतं.

भट्टीवाली_काकू
पोहेदादा, तुम्ही कागदाला तूप लावत असणार, म्हणून चिकटत नाही. माझा केकचा घरगुती धंदा आहे, दहा वर्षं झाली. आपल्याकडे गोंधळ नावाचाच आहे. दुकानात दोन्ही कागदांना बटर पेपरच म्हणतात. साधा असतो तो तेल-तूप झिरपू देत नाही, एवढंच त्याचं काम. ओलं पीठ त्याला धरतं. बेकिंगच्या कागदावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्याला काही धरत नाही.

ओळखायला सोपं आहे. कागदावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि कागद तिरका करा. सिलिकॉनवाल्यावरून थेंब मोत्यासारखा घरंगळतो. साध्यावर पसरतो आणि थोड्या वेळात कागद तिथे सुरकुततो. साधाच घरात असेल तर फेकू नका, दोन्ही बाजूंनी तूप लावा. खालून लावलं की भांड्याला चिकटून बसतो, वरून लावलं की केक सुटतो. आणि केक जरा कोमट असतानाच कागद काढा. गार झाल्यावर जास्त धरतो.

रव्याच्या केकला हे जास्तच लागतं. पीठ भिजून तळाशी ओल राहते.

पुणेरी_पोहे
तूप लावतो हे खरं आहे. आईने शिकवलं होतं म्हणून लावतो, कारण माहीत नव्हतं. पण भाव दुप्पट हे मागे घेणार नाही.

न्यूजर्सीची_सून
घाईत लिहितेय, मुलगी उठेल. इथे तिसराच प्रकार मिळतो, वॅक्स पेपर. दिसायला आपल्या बटर पेपरसारखाच. नवीन आले होते तेव्हा कुकीजखाली घातला. दहा मिनिटांत धूर, अलार्म, शेजारचे आजोबा दारात! मेण वितळून ट्रेवर आणि कुकीजना मेणबत्तीचा वास. नखाने खरवडून बघा, नखात मेण आलं तर तो ओव्हनचा नाही. बर्फी थापायला मात्र छान.

घाटावरचा
मी वाचलेलं की फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवायची, नाहीतर उष्णता परत जाते.

भट्टीवाली_काकू
काही फरक पडत नाही हो. कारखान्यात शेवटी दोन पत्रे एकत्र लाटतात, रोलरला लागलेली बाजू चमकते, आतली मंद राहते. नॉनस्टिक फॉइल असेल तरच बाजू बघा, पाकिटावर लिहिलेलं असतं.

फॉइल तळाला घालू नका, वरून वापरा. केक वरून काळपट व्हायला लागला आणि आत कच्चा असेल तर सैल झाका, कडा दाबू नका. टोमॅटो, चिंच, लिंबू असलेल्या पदार्थाला मात्र थेट लावू नका. फॉइलला भोकं पडतात आणि चव धातूसारखी लागते.

चकली_तुटली
काकू, माझा मायक्रोवेव्ह आहे, त्यात फॉइल चालतं का? मागच्या महिन्यात ठिणग्या उडाल्या, सासूबाई अजून तो वापरत नाहीत.

भट्टीवाली_काकू
मायक्रोवेव्ह मोडवर नाही. कन्व्हेक्शन मोडबद्दल तुझ्या मशीनचं पुस्तक बघ, सगळ्यांचं सारखं नसतं.

अळूवडी
सासूबाई न वापरण्याचं कारण ठिणग्या की तू? 😜

चकली_तुटली
@अळूवडी आज रात्री सांगते फोनवर.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात बेबिंका करताना माझा कागदच पेटला. बेबिंकेला वरून आच लागते, जुन्या घरांत अजून वर निखारे ठेवतात. मी ओटीजीत फक्त वरचा रॉड लावला आणि कागदाच्या कडा 'धरून काढायला' म्हणून बाहेर ठेवल्या. तिसऱ्या थराला एक कड रॉडला लागली. ज्वाळा लहान, माझी किंकाळी मोठी. आता कागद नाहीच, भांड्याला तूप, आणि प्रत्येक थरावर पुन्हा तूप.

रव्याचा_लाडू
बापरे! कडा कापायच्या म्हणजे. पाकिटावर 220 अंश लिहिलेलं होतं का?

मांडवीकाठ
होतं ना. पण ते ओव्हनमधल्या हवेचं. लाल झालेला रॉड त्याहून कितीतरी तापतो.

वीकेंड_बेकर
नानकटाईचं उत्तर देतो, गेल्या दिवाळीत हाच प्रयोग केला होता. 150 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम बेसन, 100 ग्रॅम तूप, 100 ग्रॅम पिठीसाखर. एकाच गोळ्याचे तीन भाग, 170 अंश, एकामागून एक तीन घाणे. वाट बघणारं पीठ फ्रीजमध्ये, नाहीतर तूप मऊ होऊन तुलना फसते.

पार्चमेंटवर 16 मिनिटांत तळ बदामी, आकार नीट. सिलिकॉन मॅटवर तेवढ्याच वेळात तळ पांढरा, आणखी 4 मिनिटं लागली. शिवाय जास्त पसरल्या. मॅट जाड, ट्रेची आच उशिरा पोचते. आणि इतकी गुळगुळीत की तुपाळ पिठाला धरायला काही नाही. तुपाचा हात फिरवलेल्या उघड्या ट्रेवर तळ सगळ्यात लवकर लाल झाला, कडेच्या दोन करपल्याच. बायकोला त्याच आवडल्या, बेकरीसारख्या लागतात म्हणे.

भट्टीवाली_काकू
बरोबर आहे. मॅट मी मॅकरॉन आणि साखरेच्या पाकाच्या कामाला ठेवते, तिथे तिला तोड नाही. फक्त तिच्यावर सुरी चालवू नका. आत काचेच्या धाग्यांची जाळी असते, कापली की मॅट बाद.

घाटावरचा
माझ्या मॅटला लसणीचा वास बसलाय. गार्लिक ब्रेड केला होता. आता बिस्किटंही लसणीची. उपाय?

वीकेंड_बेकर
रिकामीच ओव्हनमध्ये 15 मिनिटं तापव, खिडकी उघडी ठेवून. माझा वास कमी झाला, गेला नाही.

पुणेरी_पोहे
लसूण नानकटाई. भाव दुप्पट लावा.

रव्याचा_लाडू
ठरलं, अर्धी पार्चमेंटवर, अर्धी आईच्या ट्रेवर. ट्रेला थोडा गंज आहे पण. चिंचेने घासू का?

अळूवडी
घास, आणि लगेच कोरडा करून तेल पूस. आडनाव पुसलं जाऊ देऊ नकोस गं.